डिप्रेशन, सेरोटोनिन आणि तात्यांचे दोन रिपोर्ट

(जळगावातल्या एका वाचक मंडळापुढे एका मनोविकारतज्ज्ञांनी केलेलं भाषण. शब्दांकन करताना बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)

नमस्कार मंडळी. मागच्या लोकांना आवाज येतोय ना? पंखे बंद करू नका, मीच जोरात बोलतो, जळगावच्या मे महिन्यात पंखा बंद करून मेंदूवर बोलायचं म्हणजे आपलेच मेंदू शिजायचे. पत्रिकेत विषय छापलाय 'डिप्रेशनविषयीचे नवे विचार'. नवे विचार सांगणारच आहे, पण आधी जुन्याचा हिशोब मिटवावा लागेल, आणि तो मिटवायला मला जरा वेळ लागतो हे ओळखीचे लोक जाणतात.

जुना विचार तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं, ते कमी झालं की माणूस उदास होतो, गोळी खाल्ली की ते वाढतं आणि माणूस बरा होतो. दवाखान्यात याचं चित्र असतं, दोन नसांची टोकं, मधे फट, डावीकडच्या फटीत तीन ठिपके आणि खाली रडका चेहरा, उजवीकडे दहा ठिपके आणि हसरा चेहरा. रसायनांच्या या कुटुंबाला मोनोअमाइन म्हणतात, त्यात सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन, डोपामिन अशी भावंडं येतात. म्हणून या सिद्धांताचं नाव मोनोअमाइन सिद्धांत.

आता माझं दुखणं काय ते सांगतो. अमळनेरकडचे एक कापसाचे शेतकरी, त्यांना आपण तात्या म्हणू, मुलाला घेऊन माझ्याकडे आले. पोरगं पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून परत आलेलं, दोनदा थोडक्यात हुकलेलं, आता खोलीतून बाहेर येत नाही, रात्रभर जागं, दिवसभर पडून, जेवण निम्म्यावर, मित्रांचे फोन उचलत नाही. 'मी घराला भार झालो' हे वाक्य दिवसातून चारदा. डिप्रेशन ओळखायला याहून जास्त काही लागत नाही, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी ट्वेल्व्ह तेवढं बघून घ्यायचं. जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का हे सरळ विचारलं, कारण विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट पोरं मोकळी होतात. मग एसिटालोप्रॅम दहा मिलिग्रॅम सुरू केली. हे सगळं नेहमीचंच.

पण तात्या शहाणे निघाले. शहरातल्या कुठल्याशा लॅबचं 'मेंटल वेलनेस पॅकेज' त्यांनी मोबाइलवर पाहिलं आणि गोळी सुरू करायच्या आधीच पोराचं रक्तातलं सेरोटोनिन तपासून आणलं. आलं ब्याण्णव. रिपोर्टवर नॉर्मलची हद्द छापलेली पन्नास ते दोनशे, म्हणजे पोरगं नॉर्मल! तात्या म्हणाले असेल, काठावर असेल. दीड महिन्याने पोरगं बऱ्यापैकी सुधारलं, झोप लागायला लागली, जेवायला बाहेर यायला लागलं. आणि तात्यांनी मला न सांगता परत तीच तपासणी केली. आलं चौदा. लाल अक्षरात, शेजारी खाली जाणारा बाण.

तात्या दोन्ही कागद घेऊन आले, टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "डाक्टरसाहेब, गोया खाईसन तं आखो कमी व्हई गयं." (हशा) हसू नका, त्यांचं म्हणणं अगदी तर्कशुद्ध होतं. सेरोटोनिन कमी म्हणून आजार, आजारावर गोळी, गोळीनंतर सेरोटोनिन आणखी कमी, आणि पोरगं मात्र बरं! यातलं एक काहीतरी खोटं असणारच ना.

रिपोर्ट खोटे नव्हते. शरीरातलं बहुतेक सगळं सेरोटोनिन, नव्वद टक्क्यांच्या वर, आतड्यात तयार होतं, आतडं हलवायला. तिथून ते रक्तात आलं की प्लेटलेट नावाच्या पेशी ते ओढून घेतात आणि साठवतात, जखम झाली की सोडतात. तेव्हा रक्ताच्या तपासणीत दिसतो तो प्लेटलेटमधला साठा. मेंदू स्वतःचं सेरोटोनिन स्वतः बनवतो, कारण रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरू शकत नाही. आता गंमत अशी की प्लेटलेट ज्या दारातून सेरोटोनिन आत ओढतात, तेच दार मेंदूतल्या नसांनाही असतं, आणि आमची गोळी नेमकं तेच दार बंद करते. मेंदूत दार बंद झालं की फटीतलं सेरोटोनिन परत आत जात नाही, फटीत टिकतं. प्लेटलेटचं दार बंद झालं की साठाच भरत नाही, म्हणून रक्तातला आकडा धाडकन पडतो. तात्यांच्या दुसऱ्या कागदावरून एवढंच कळत होतं की पोरगं गोळी नियमित घेतंय! त्याच्या मनाबद्दल त्या चौदा आकड्यात काहीही नव्हतं, पहिल्या ब्याण्णवमधेही नव्हतं. कार्सिनॉइड नावाच्या एका ट्यूमरच्या शोधासाठी सेरोटोनिनच्या मोजणीचा उपयोग होतो, डिप्रेशनसाठी होत नाही. आणि हे पॅकेज विकणारे अजूनही विकतायत, माझा राग तिथे आहे.

तर चित्रात चूक कुठे आहे? आणि मुळात हे चित्र आलं कुठून? ही गोष्ट मला फार आवडते, कारण तिचा एक धागा आपल्या मुंबईत आहे. संयोजक घड्याळ बघतायत, पण ही सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

सर्पगंधा. आपल्याकडे वेड आणि झोप न येणं यांवर ही मुळी शेकडो वर्षं देत आलेत. कलकत्त्याला गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली लिहिलं की हिने रक्तदाबही उतरतो. मग मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमधे आपल्या पेशंटांचे निकाल छापले, आणि जगाने तेव्हा कुठे कान टवकारले. १९५२ मधे स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं आणि रक्तदाबासाठी ते जगभर गेलं.

काही वर्षांत अमेरिकेतून बातम्या येऊ लागल्या की रेसर्पिन घेणारे काही पेशंट उदास होतायत. त्याच सुमारास प्रयोगशाळेत कळलं की रेसर्पिन मेंदूतल्या मोनोअमाइनचा साठा रिकामा करतं. दिलं की जनावर कान पाडून, डोळे मिटून बसून राहतं.

दुसऱ्या बाजूने टीबीचं औषध आलं, आयप्रोनियाझिड. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलात १९५२ च्या आसपास टीबीच्या पेशंटांना ते दिलं तर खंगलेली माणसं वॉर्डात हसायला, नाचायला लागली. कळलं की हे औषध मोनोअमाइन मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं, म्हणजे साठा वाढवतं. १९५७ मधे नेथन क्लाइन यांनी ते डिप्रेशनवर वापरलं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधे रोलंड कून यांनी इमिप्रामिनचे निकाल दिले, आणि पुढे कळलं की तेही फटीतलं मोनोअमाइन वाढवतं. आता तुम्हीच सांगा, एक औषध साठा रिकामा करतं आणि माणूस खचतो, दुसरं साठा वाढवतं आणि माणूस उठतो, तर कुणीही काय म्हणेल? १९६५ साली अमेरिकेत जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरअ‍ॅड्रिनलिनचा सिद्धांत मांडला, दोन वर्षांनी इंग्लंडात अ‍ॅलेक कॉपेन यांनी सेरोटोनिनकडे बोट दाखवलं. शिल्डक्राउटसाहेबांनी त्याच लेखात लिहून ठेवलं होतं की हे फार तर एक सोपं केलेलं रूप आहे. ती ओळ पॅम्फ्लेटवर कधी छापून आली नाही.

आणि आता खरा किस्सा. १९५५ साली, म्हणजे सिद्धांत यायच्या दहा वर्षं आधी, लंडनमधे डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त आणि उदास पेशंटांना रेसर्पिन देऊन चाचणी घेतली, शेजारी खोट्या गोळीचा गट ठेवला, आणि लॅन्सेटमधे छापलं. रेसर्पिनवाल्यांना फायदा झाला! बरं वाटलं! ज्या औषधाने डिप्रेशन येतं म्हणून सिद्धांत उभा राहिला, त्याने काही उदास माणसं सुधारली होती, आणि हा कागद मिळत असूनही कुणी फार मनावर घेतलं नाही. पुढे रक्तदाबाच्या पेशंटांच्या नोंदी नीट तपासल्या तेव्हा दिसलं की बऱ्याच जणांना आलेली होती ती सुस्ती, गुंगी. खरं डिप्रेशन थोड्यांना झालेलं, आणि त्यातल्या बहुतेकांना ते आधीही होऊन गेलेलं. म्हणजे सिद्धांताचा एक पाय पहिल्यापासून लंगडा होता.

दुसरी परीक्षा जास्त थेट आहे. मेंदू सेरोटोनिन बनवतो ट्रिप्टोफॅनपासून, आणि ते अन्नातूनच येतं. माणसाला ट्रिप्टोफॅन वगळून बाकीचे अमिनो आम्ल घातलेलं पेय पाजलं की काही तासांत मेंदूतलं सेरोटोनिन बनणं मंदावतं. मग उदासी यायला हवी. धडधाकट माणसांना, ज्यांच्या घरातही कुणाला डिप्रेशन नाही, काही होत नाही. मात्र सेरोटोनिनच्या गोळीवर बऱ्या झालेल्या पेशंटांना हेच पेय दिलं की बऱ्याच जणांची उदासी काही तासांसाठी परत येते. हे मला फार बोलकं वाटतं. सेरोटोनिनचा काहीच संबंध नाही असं म्हणता येत नाही, गोळीने मिळालेली सुधारणा त्याच्यावर टेकलेली दिसते. पण नुसतं ते कमी केलं म्हणून निरोगी माणूस डिप्रेशनमधे जात नाही.

तिसरं म्हणजे वेळ. पहिल्या गोळीनंतर काही तासांतच ती दारं बऱ्याच प्रमाणात बंद होतात, नेहमीच्या डोसला नंतर सुमारे ऐंशी टक्के. फटीतलं रसायन वाढायला लागलं. पण पोरगं बरं व्हायला चार ते सहा आठवडे का? थोडी सुधारणा पहिल्या दोन आठवड्यांत दिसते हे खरं, पण पूर्ण फरकाला आठवडे जातात. या आठवड्यांत मेंदूत दुसरं काहीतरी घडत असणार.

आता २०२२ आठवा. लंडनच्या जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी जुना सगळा पुरावा एकत्र चाळून लिहिलं की डिप्रेशन कमी सेरोटोनिनमुळे होतं याला भक्कम आधार मिळत नाही. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागलं, 'डिप्रेशनच्या गोळ्या फसवणूक', आणि माझ्या पेशंटांनी परस्पर गोळ्या सोडल्या. अहो, कारण काय आणि औषध चालतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पॅरासिटॅमॉलने ताप उतरतो म्हणून अंगात पॅरासिटॅमॉल कमी पडलं होतं असं कुणी म्हणतं का, आणि तसं नाही हे कळल्यावर पॅरासिटॅमॉल फेकून देतं का? २०१८ मधे सिप्रियानी आणि मंडळींनी ५२२ चाचण्या एकत्र केल्या, एक लाख सोळा हजारांवर पेशंट, आणि एकवीसच्या एकवीस औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस निघाली. सरासरी फरक मध्यमच, चमत्कार नाही, पण फरक आहे.

चिठ्ठी आली. 'सर, १० मिनिटे.' बघा, नवे विचार सांगायला दहा मिनिटं उरली, माझं असंच होतं. चला, पळतो.

पहिला नवा विचार प्लास्टिसिटीचा. म्हणजे नसांची एकमेकींशी असलेली जोडणी बदलण्याची ताकद. ताण लांबला की हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी सांभाळणारा मेंदूचा भाग, आणि कपाळामागच्या भागातल्या नसांच्या फांद्या आखूड होतात, जोड गळतात, हे उंदरांमधे चांगलं दिसलंय. बीडीएनएफ नावाचं एक प्रथिन या जोडांना पोसतं आणि बऱ्याच औषधांनी ते हळूहळू वाढतं. रोनाल्ड डुमन यांनी नव्वदच्या दशकात हे मांडलं. मला मात्र यातला एकच प्रयोग नीट सांगायचाय.

इटलीतलं पिसा आणि फिनलंडमधलं हेलसिंकी, २००८. उंदराच्या, खरं तर रॅटच्या, पिल्लाचा एक डोळा शिवून टाकायचा. तो मोठा होईस्तोवर बंद ठेवला की मेंदू त्या डोळ्याची जागा दुसऱ्याला देऊन टाकतो. मोठेपणी टाके काढले तरी दिसत नाही, डोळा चांगला असून. आपण आळशी डोळा म्हणतो तेच, लहानपणी सुधारतं, मोठेपणी अवघड. आता या मोठ्या झालेल्या जनावरांना पाण्यातून फ्लुओक्सेटिन दिलं, डिप्रेशनचीच गोळी, चार आठवडे, आणि चांगला डोळा झाकला. दृष्टी परत आली! मोठ्या मेंदूत लहानपणची लवचीकता औषधाने उघडली. पण त्या उघड्या मेंदूला आळशी डोळ्याचं काम द्यावं लागलं. भीतीच्या प्रयोगातही तसंच, २०११ मधे. आवाज आला की पायाला शॉक, असं शिकवलेल्या उंदरांची भीती घालवायची होती. नुसतं औषध दिलं, भीती टिकली. नुसता आवाज शॉकशिवाय परत परत ऐकवला, भीती गेली पण काही दिवसांनी परतली. दोन्ही एकत्र केलं तेव्हा ती गेली आणि गेलेलीच राहिली.

म्हणजे गोळी मूड वाढवत नाही, मेंदूला शिकण्याजोगा करते, आणि मग तो आजूबाजूला जे आहे ते शिकतो, असा हा विचार आहे. आजूबाजूला वाईट असेल तर? अमेरिकेतल्या स्टार-डी नावाच्या मोठ्या अभ्यासाचे आकडे काही इटालियन मंडळींनी परत तपासले, तर सिटालोप्रॅमवर असताना चांगल्या परिस्थितीतल्या लोकांना जास्त फायदा दिसला, वाईट परिस्थितीतल्यांना कमी. म्हणून तात्यांच्या पोराला मी गोळीबरोबर एक वही दिली. सकाळी सातला उठून तात्यांबरोबर शेतात चक्कर, दुपारी एक तास बहिणीच्या पोरांचं गणित, संध्याकाळी एका मित्राला फोन, आणि प्रत्येकापुढे किती बरं वाटलं ते दहापैकी लिहायचं. मन लागो न लागो, करायचं. याला बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत हेच केलं. २०१७ ला निकाल आला, तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के बरे, नेहमीच्या उपचाराच्या गटात ३९. हे समुपदेशक गोळी देत नव्हते, तरी चाललं, हे लक्षात घ्या.

आणि उंदरांवरून फार उड्याही मारू नका. फिनलंडमधेच मोठ्या माणसांच्या आळशी डोळ्यावर फ्लुओक्सेटिन आणि सराव असं करून पाहिलं, २०१८ मधे छापलं, आणि गोळीचा वेगळा फायदा काही दिसला नाही. रॅटमधे झालं, माणसात नाही झालं.

केटामीन दोन मिनिटांत. ऑपरेशनचं भुलीचं औषध, आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातही असतं. वजनाच्या प्रत्येक किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला तीस, चाळीस मिनिटांत शिरेतून. काही तासांत उदासी उतरते. औषध त्याच दिवशी शरीरातून जातं, परिणाम काही दिवस, कधी आठवडाभर टिकतो. ते मुख्यतः ग्लूटामेट या मेंदूतल्या वेगळ्याच रसायनाच्या यंत्रणेवर काम करतं, त्यामुळे मोनोअमाइनवाल्यांची इथे पंचाईत झाली. उंदरांमधे २०१९ ला दिसलं की वागणं आधी सुधारतं, नसांचे नवे जोड त्यानंतर काही तासांनी उगवतात, आणि ते जोड मुद्दाम मोडले तर सुधारणा टिकत नाही. म्हणजे जोड सुरुवातीसाठी नाही तर टिकण्यासाठी लागतात. रक्तदाब वाढतो, काही वेळ माणूस तंद्रीत जातो, सवय लागू शकते, म्हणून हे देखरेखीखालीच.

दुसरा नवा विचार, नेटवर्क. हा तर मुख्य होता, तीन मिनिटं उरली. मेंदूचे लांबलांबचे भाग जोडीने चालतात. स्वतःबद्दल विचार करताना एक जाळं पेटतं, डिफॉल्ट मोड म्हणतात त्याला, बाहेरच्या कामात दुसरं, आणि कशाकडे लक्ष द्यायचं ते तिसरं ठरवतं, सेलिअन्स. डिप्रेशनमधे माणूस स्वतःच्या विचारात गोल गोल फिरत राहतो, ते या जाळ्यांच्या ताळमेळातून येत असावं. हेलन मेबर्ग यांनी २००५ मधे कपाळामागे खोल असलेल्या सबजेन्युअल भागात तारा घालून सहा जणांना करंट दिला, कुठल्याच उपचाराला न बधलेले, त्यातले चार सुधारले. पुढे मोठी चाचणी घेतली तर खऱ्या आणि खोट्या करंटमधे सहा महिन्यांत फरक दिसेना, मधेच थांबवली. टीएमएसमधे डोक्याबाहेरून चुंबकाने झटके देतात, कपाळाच्या डाव्या बाजूला, ते चालतं, आणि त्या खोल भागाशी उलटं नातं असलेली जागा निवडली तर जास्त चालतं असं वाटतंय.

आता अडचण. छोट्या अभ्यासांत डिफॉल्ट जाळं डिप्रेशनमधे जास्त घट्ट जोडलेलं दिसलं. चीनमधे २०१९ ला तेराशे पेशंटांचे स्कॅन एकत्र केले तर परत परत डिप्रेशन आलेल्यांत ते उलट सैल निघालं. २०२४ मधे थोड्या लोकांचे पुन्हा पुन्हा, तासन् तास स्कॅन काढून पाहिलं तर पेशंटांमधे सेलिअन्स जाळ्याने व्यापलेली जागा जवळपास दुप्पट, आणि ती बरं वाटत असतानाही तशीच. म्हणजे ती आजाराची खूण नसून आजाराकडे ओढ असल्याची असेल. तेव्हा आज एका माणसाचा स्कॅन बघून डिप्रेशन आहे की नाही हे कुणी सांगू शकत नाही. आम्ही एमआरआय लिहितो तो गाठ वगैरे नाही ना हे बघायला.

तिकडून ताई विचारतायत, गोळी किती दिवस? पहिल्यांदाच आजार झाला असेल तर पूर्ण बरं वाटल्यावरही त्याच डोसला सहा ते नऊ महिने. परत परत होत असेल तर जास्त. आणि बंद करताना आठवड्या-आठवड्याने उतरवत, काहींना महिने लागतात. एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं, आणि लोक समजतात आजारच परत आला. तात्यांच्या पोराची अजून चालू आहे. बाकीचे प्रश्न खाली चहाला घेतो, हॉल साडेआठपर्यंतच आहे.